पुढचे टप्पे धूसर असताना नियोजन कसे करावे: रोलिंग वेव्ह पद्धतीची क्रमवार मांडणी

ज्या प्रकल्पाचे पहिले दोन महिने स्पष्ट दिसतात आणि पुढचे दहा महिने धूसर असतात, त्याचे नियोजन करताना सहसा दोन चुका होतात. काही जण शेवटच्या आठवड्यापर्यंतचे प्रत्येक काम तारखेसह लिहून काढतात आणि तिसऱ्या महिन्यात ते सगळे वेळापत्रक टाकून देतात. दुसरे लोक जवळचे तेवढे लिहितात, पुढच्या टप्प्यांसमोर ‘नंतर ठरवू’ अशी नोंद करतात आणि आपण रोलिंग वेव्ह पद्धत वापरत आहोत, असे सांगतात. दुसरी चूक मला अधिक गंभीर वाटते, कारण ती पद्धतीचे नाव घेऊन केली जाते आणि म्हणून उशिरा लक्षात येते.

या पद्धतीत जवळच्या कालखंडाचे काम तपशिलात आणि लांबचे काम जाड रेषांनी मांडलेले असते. एका वेळी तपशिलात मांडलेल्या अशा कालखंडाला लाट म्हणतात. माहिती हाती येईल तसा लांबच्या कामाचा तपशील ठरलेल्या वेळी, ठरलेल्या रीतीने भरला जातो. प्रोग्रेसिव्ह इलॅबोरेशन ही याहून व्यापक कल्पना आहे. व्याप्ती, गरजा, अंदाज आणि जोखमी या सर्वांना माहितीनुसार क्रमाक्रमाने अधिक नेमके करत जाणे म्हणजे प्रोग्रेसिव्ह इलॅबोरेशन, आणि हीच कल्पना वेळापत्रकाला व कामांच्या विभागणीला लावली की तिला रोलिंग वेव्ह म्हणतात. पुढे ढकलायचा असतो तो केवळ तपशील. निर्णय पुढे ढकलण्याची मुभा ही पद्धत देत नाही, आणि या लेखातील जवळजवळ प्रत्येक पायरी या एका भेदाभोवती फिरते.

समजायला सोपे जावे म्हणून एकच उदाहरण शेवटपर्यंत घेतो. एका संस्थेकडे कागदी अभिलेखांच्या ४०,००० फायली आहेत. त्या स्कॅन करून शोधता येतील अशा डिजिटल संग्रहात आणायच्या आहेत आणि त्यासाठी ५२ आठवडे मिळाले आहेत. टप्पे चार आहेत: पाहणी व नमुना तपासणी, स्कॅनिंग, सूचीकरण, आणि शोधप्रणाली उभारून हस्तांतरण. एका फायलीत सरासरी किती पाने आहेत, किती फायली जीर्ण आहेत आणि वापरकर्ते नेमके कशावरून शोध घेणार आहेत, हे सुरुवातीला कोणालाच ठाऊक नाही.

## सुरुवात करण्यापूर्वीची तयारी

तीन गोष्टी हाती असल्याशिवाय पहिली पायरी घेऊ नये.

पहिली गोष्ट म्हणजे व्याप्तीची लेखी सीमा. आपल्या उदाहरणात ती अशी होईल: ‘या ४०,००० फायलींची सर्व पाने स्कॅन करणे, त्यांची सूची करणे आणि संस्थेच्या कर्मचाऱ्यांना वापरता येईल अशी शोधप्रणाली देणे, नकाशे, छायाचित्रे आणि नव्याने जमा होणाऱ्या फायली यात येत नाहीत.’ आत काय आहे यापेक्षा बाहेर काय आहे, हे वाक्य पुढे जास्त उपयोगी पडते.

दुसरी गोष्ट म्हणजे गृहीतकांची नोंदवही. अंदाजामागचे प्रत्येक गृहीतक तीत वेगळ्या ओळीत असावे आणि ते कधी व कशाने पडताळले जाईल हेही समोर लिहिलेले असावे. एका वाक्यात दोन गृहीतके कोंबू नयेत. ‘जीर्ण फायली साधारण इतक्या असतील आणि त्यांना इतका वेळ लागेल’ ही दोन स्वतंत्र विधाने आहेत. त्यांची सरमिसळ किती महाग पडते, ते सहाव्या पायरीत दिसेल.

तिसरी गोष्ट म्हणजे लांबच्या टप्प्यांचे अंदाज एका आकड्यात न येता पल्ल्याच्या रूपात येतील, याला स्पॉन्सरने, म्हणजे प्रकल्पाला पैसा व मंजुरी देणाऱ्याने, दिलेली संमती. ही संमती आधी न घेतल्यास पहिल्या बैठकीत सांगितलेला मधला आकडाच वचन ठरतो आणि पुढचा प्रत्येक सुधारित अंदाज अपयश म्हणून वाचला जातो.

सावधान: करारानेच संपूर्ण व्याप्ती ठरलेली असेल आणि एकरकमी किंमत आधी बांधून दिलेली असेल, तर ही पद्धत खर्चाची अनिश्चितता झाकू शकत नाही. अशा वेळी आधी पाहणीचा वेगळा छोटा करार करावा आणि मुख्य काम त्यानंतर बांधावे.

## पायरी १: संपूर्ण काम वरच्या पातळीवर मांडा

कामांची उतरंड, म्हणजे डब्ल्यूबीएस, पहिल्या दिवसापासून प्रकल्पाच्या शेवटापर्यंत पोहोचलेली असली पाहिजे. खोली असमान चालते, पण रुंदी पूर्ण हवी. पाहणीच्या टप्प्याखाली दहा-बारा वर्क पॅकेज, म्हणजे तपशिलात मांडलेले कामाचे तुकडे, असतील आणि हस्तांतरणाच्या टप्प्याखाली एकच मोठा डबा असेल, तर त्यात काही गैर नाही. तो डबाच कागदावर नसेल, तर मात्र त्या टप्प्याला वेळ आणि माणसे कोणी राखून ठेवत नाही.

प्रत्येक टप्प्यासमोर मनुष्यदिवसांचा अंदाज पल्ल्यासह लिहावा. पीएमआय या प्रकल्प-व्यवस्थापनाच्या व्यावसायिक संस्थेच्या मार्गदर्शिकेत ढोबळ अंदाजासाठी उणे २५ ते अधिक ७५ टक्के आणि नेमक्या अंदाजासाठी उणे ५ ते अधिक १० टक्के असे पल्ले उदाहरणादाखल दिलेले आहेत. स्वतःची जुनी आकडेवारी नसेल, तर सुरुवात तिथून करता येते. वरची बाजू खालच्या बाजूपेक्षा मोठी आहे, ते योग्यच आहे, कारण अज्ञात काम बहुधा वाढतच जाते.

आपल्या उदाहरणात पाहणीला १२० मनुष्यदिवस धरले. हे काम स्पष्ट असल्याने पल्ला अरुंद आहे. स्कॅनिंगसाठी प्रत्येक फायलीत ५० पाने, म्हणजे एकूण २० लाख पाने, आणि एका माणसाची दिवसाला २,५०० पाने असे गृहीत धरून ८०० मनुष्यदिवस आले. त्याचा पल्ला ६०० ते १,४००. सूचीकरण ६०० मनुष्यदिवस, पल्ला ४५० ते १,०५०. शोधप्रणाली व हस्तांतरण ३००, पल्ला २२५ ते ५२५.

येथे एक सूक्ष्म गोष्ट बहुतेकांच्या नजरेतून सुटते. चारही टप्पे एकाच वेळी वरच्या टोकाला जाणार नाहीत, म्हणून बेरजेचा पल्ला थोडा अरुंद धरायला हरकत नाही, असे म्हटले जाते. टप्पे एकमेकांपासून स्वतंत्र असतील तरच हे खरे आहे. येथे स्कॅनिंग आणि सूचीकरण हे दोन्ही टप्पे ‘५० पाने’ या एकाच गृहीतकावर उभे आहेत. ते चुकले, तर दोन्ही एकत्र वाढतील. म्हणून कोणते टप्पे एकाच गृहीतकाला बांधलेले आहेत, ते नोंदवहीत स्पष्ट लिहावे.

तपासा: मूळ टप्प्याखालच्या सर्व डब्यांची बेरीज त्या टप्प्याएवढीच आहे का? तिच्याहून कमी नको आणि जास्तही नको.

## पायरी २: प्रत्येक धूसर टप्प्यासाठी प्लॅनिंग पॅकेज लिहा

ज्याचा तपशील आज लिहिता येत नाही, त्या कामाच्या डब्याला प्लॅनिंग पॅकेज म्हणतात. त्याला व्याप्ती असते, अंदाज असतो, ढोबळ कालखंड असतो. आतली कामे तेवढी सुटी केलेली नसतात. ‘नंतर ठरवू’ आणि प्लॅनिंग पॅकेज यांतला फरक पुढच्या कार्डावरून दिसेल.

प्लॅनिंग पॅकेज: सूचीकरण

- सीमा: स्कॅन झालेल्या प्रत्येक फायलीची सूची आणि मजकूर-ओळखीची तपासणी. हस्तलिखित मजकूर टंकित करणे यात नाही.
- अंदाज: ६०० मनुष्यदिवस, पल्ला ४५० ते १,०५०.
- कालखंड: आठवडा २९ ते ४२.
- अनुत्तरित प्रश्न: शोध फायलीच्या पातळीवर हवा की फायलीतील प्रत्येक दस्तऐवजाच्या पातळीवर?
- उत्तर कोण देणार: संग्रह वापरणारे तीन विभाग.
- उत्तराची अंतिम मुदत: (पायरी ३ मध्ये भरावी)
- तपशील भरण्याचा आठवडा: २६.

कार्डातील चौथी ओळ सर्वांत महत्त्वाची आहे. टप्पा धूसर आहे असे आपण म्हणतो, तेव्हा कोणत्यातरी प्रश्नाचे उत्तर मिळालेले नसते. तो प्रश्न शब्दांत मांडता येत नसेल, तर धूसरता टप्प्यात नसून आपल्या विचारात आहे. एका पॅकेजमागे असे एक-दोन प्रश्न पुरेत. आठ-दहा प्रश्न निघाले, तर ते एक पॅकेज नसून दोन किंवा तीन आहेत, असे समजून ते फोडावे.

## पायरी ३: मागून पुढे मोजत निर्णयाच्या तारखा काढा

सर्वाधिक प्रकल्प याच पायरीवर फसतात, म्हणून येथे घाई करू नये. धूसर टप्पा लांब असतो, पण तो आधीच्या टप्प्याकडून काही मागत असतो आणि ते मागणे जवळ असते. प्रत्येक प्लॅनिंग पॅकेज हाती घेऊन दोन प्रश्न विचारावेत.

पहिला प्रश्न: या टप्प्याला लागणारी कोणती वस्तू किंवा माणसे मिळायला मोठा अवधी लागतो? शोधप्रणालीचा टप्पा ४३व्या आठवड्यात सुरू होणार आहे. सर्व्हर आणि परवाने मागणी नोंदवल्यापासून १६ आठवड्यांनी मिळतात आणि त्याआधी विनिर्देश लिहून मंजूर करून घ्यायला ५ आठवडे लागतात. ४३ मधून १६ आणि ५ वजा केले की २२ उरतात. म्हणजे शोधप्रणालीचा तपशील अजून ठरलेला नसला, तरी तिच्या विनिर्देशाचे काम २२व्या आठवड्यात सुरू झालेच पाहिजे. त्या आठवड्याचा ज्या लाटेत समावेश होतो, त्या लाटेत हे काम पूर्ण तपशिलातल्या वर्क पॅकेजच्या रूपात यावे, आणि उरलेला टप्पा खुशाल प्लॅनिंग पॅकेज राहावा.

दुसरा प्रश्न अधिक कठीण आहे: या टप्प्याचे कोणते उत्तर आधीच्या टप्प्याची कामाची पद्धत बदलते? सूचीकरणाच्या कार्डावरचा प्रश्न पुन्हा पाहा. शोध दस्तऐवजाच्या पातळीवर हवा असेल, तर स्कॅन करतानाच प्रत्येक दस्तऐवजाच्या आधी बारकोडचे विभाजक पान घालावे लागते. ते पान न घालता २० लाख पाने स्कॅन झाली आणि मग २६व्या आठवड्यात वापरकर्त्यांनी दस्तऐवजाच्या पातळीचा शोध मागितला, तर पडद्यावर एकेक पान पाहून सीमा ठरवत बसावे लागेल. मी सांभाळलेल्या एका कामात नेमके हेच घडले होते. सूचीकरण ‘पुढचा टप्पा’ म्हणून आम्ही त्याला हात लावला नाही, आणि त्या एका राहिलेल्या प्रश्नाने पुढे संपूर्ण सूचीकरणाएवढेच काम आणखी अंगावर आले.

म्हणून या प्रश्नाची मुदत २६वा आठवडा नसून ७वा आहे, कारण ९व्या आठवड्यात स्कॅनिंग सुरू होते आणि विभाजक पाने छापून ऑपरेटरांना शिकवायला दोन आठवडे लागतात. उत्तर मिळवण्यासाठी तीन विभागांच्या मुलाखतींचे ६ मनुष्यदिवसांचे छोटे काम सूचीकरणाच्या डब्यातून काढून पाहणीच्या टप्प्यात आणावे. बाकी सूचीकरण जागेवरच राहील आणि त्याच्या अंदाजातून हे ६ दिवस वजा होतील.

सावधान: मुदत काढताना काम सुरू होण्याच्या तारखेपासून मागे मोजावे. तपशील भरण्याची आपली नियोजन बैठक ज्या आठवड्यात आहे, तो आठवडा म्हणजे निर्णयाची मुदत नव्हे. या दोन्ही तारखा कार्डावर वेगळ्या ओळींत ठेवण्याचे कारण हेच.

तपासा: प्रत्येक प्लॅनिंग पॅकेजसमोर ‘उत्तराची अंतिम मुदत’ भरलेली आहे का, आणि त्या मुदतीआधी उत्तर मिळवण्याचे काम कोणत्यातरी लाटेत प्रत्यक्ष लिहिलेले आहे का? मुदत आहे पण काम नाही, अशी अवस्था फार वेळा सापडते.

## पायरी ४: लाटेची लांबी ठरवा आणि पहिली लाट तपशिलात मांडा

लाट किती आठवड्यांची असावी, याचे सर्वांना लागू पडणारे उत्तर नाही. एक व्यवहार्य कसोटी मात्र आहे. कोणत्या आठवड्यापर्यंतची कामे तुम्ही ८ ते ८० तासांच्या तुकड्यांत, करणाऱ्याच्या नावासह आणि ‘झाले’ म्हणजे काय हे सांगून लिहू शकता? तिथे लाट संपते. त्यापुढे लिहिलेले तुकडे कल्पनेतले असतात. आपल्या उदाहरणात लाट ८ आठवड्यांची ठरली.

लाटेची सीमा शक्यतो माहिती हाती येण्याच्या क्षणाशी जुळवावी. पहिली लाट ८व्या आठवड्यात संपते ती कॅलेंडर पाहून नव्हे, तर तोपर्यंत नमुना तपासणीचा निकाल आलेला असतो म्हणून. केवळ महिना संपला म्हणून नवी लाट आखायला बसल्यास त्याच अज्ञानाला नव्या तारखा मिळतात.

पहिल्या लाटेत उत्पादक कामाइतकेच माहिती मिळवण्याचे काम असावे. येथे ४०,००० पैकी ४०० फायलींचा यादृच्छिक नमुना तपासायचा ठरला. समोरच्या कपाटातील ४०० फायली घेतल्या असत्या, तर बहुधा अलीकडच्या आणि चांगल्या स्थितीतल्या फायलीच हाती लागल्या असत्या; म्हणून सर्व कपाटांतून चिठ्ठी पद्धतीने निवड करायची. ५व्या आठवड्याअखेर निकाल आला तो असा: एका फायलीत सरासरी ६० पाने आणि ६० फायली, म्हणजे १५ टक्के, जीर्ण.

## पायरी ५: लाट संपण्याआधीच पुढची लाट आखा

नियोजनाची बैठक चालू लाट संपायच्या दोन-तीन आठवडे आधी घ्यावी. लाट संपल्यावर बैठक घेणारे संघ दर वेळी आठवडाभर रिकामे बसतात किंवा मंजुरीविना काम सुरू करतात. आपल्या उदाहरणात स्कॅनिंगच्या पहिल्या लाटेची बैठक ६व्या आठवड्यात झाली. बैठकीतील क्रम महत्त्वाचा आहे, कारण तो उलटला की अंदाज आधी ठरतो आणि गृहीतके त्याला जुळवून घेतली जातात.

१. आधी गृहीतकांची नोंदवही उघडावी आणि नव्या माहितीने कोणती ओळ खरी ठरली, कोणती खोटी, ते लिहावे. ‘५० पाने’ ही ओळ खोटी ठरली. ‘सर्व फायली एकाच वेगाने स्कॅन होतील’ हे तर कोणी लिहिलेच नव्हते, पण अंदाजात ते दडलेले होते.

२. मग संपूर्ण टप्प्याचा अंदाज नव्याने काढावा, केवळ पुढच्या लाटेचा नव्हे. चांगल्या स्थितीतल्या ३४,००० फायलींची २०,४०,००० पाने दिवसाला ३,००० या वेगाने ६८० मनुष्यदिवस घेतील. जीर्ण ६,००० फायलींची ३,६०,००० पाने हाताने सरळ करत दिवसाला ६०० या वेगाने ६०० मनुष्यदिवस घेतील. एकूण १,२८० झाले. हा आकडा मूळ पल्ल्याच्या आत आहे, पण वरच्या टोकाजवळ आहे, आणि स्पॉन्सरला हे दोन्ही सांगायला हवे.

३. त्याच गृहीतकाला बांधलेले इतर डबे तपासावेत. पाने २० टक्क्यांनी वाढली आणि मजकूर-ओळखीची तपासणी पानांच्या प्रमाणात चालते, म्हणून सूचीकरणाचे ६०० आता साधारण ७२० होतात. शिवाय ८ ऑपरेटर आठवड्याला ४० मनुष्यदिवस देतात, तेव्हा स्कॅनिंग २० आठवड्यांऐवजी ३२ आठवडे चालेल. स्कॅनिंग संपल्यावर सूचीकरण सुरू करण्याचा क्रम आता ५२ आठवड्यांत बसत नाही. सूचीकरण १७व्या आठवड्यापासून समांतर चालवावे लागेल आणि त्याचा तपशील भरण्याची तारखही अलीकडे येईल.

४. उरलेल्या अनिश्चिततेसाठी राखीव ठेवावी आणि ती कोणत्या गृहीतकासाठी आहे, हे तिच्यावर लिहावे. ४०० च्या नमुन्यात १५ टक्के आढळले, तर खरे प्रमाण साधारण ११.५ ते १८.५ टक्क्यांच्या दरम्यान असण्याचा ९५ टक्के भरवसा धरता येतो. वरच्या टोकाला १,४०० फायली जास्त जीर्ण निघतील आणि प्रत्येकीला ०.०८ मनुष्यदिवस अधिक लागतील, म्हणजे ११२. म्हणून १२० मनुष्यदिवसांची राखीव ठेवली आणि तिच्यासमोर ‘जीर्ण फायलींचे प्रमाण’ असे लिहिले.

५. सर्वांत शेवटी पुढची लाट तुकड्यांत मांडावी. आठवडा ९ ते १६ साठी ३२० मनुष्यदिवस उपलब्ध होते. त्यात आधी पाहून ठेवलेल्या रॅकमधील ८,००० चांगल्या आणि १,६०० जीर्ण फायली बसल्या, दोन्हींना १६० मनुष्यदिवस. एक वर्क पॅकेज जास्तीत जास्त ८० तासांचे, म्हणजे १० मनुष्यदिवसांचे, धरून किमान ३२ पॅकेज झाली. उरलेले ९६० मनुष्यदिवस प्लॅनिंग पॅकेजमध्येच राहिले.

तपासा: ३२० आणि ९६० यांची बेरीज १,२८० होते का? तपशील भरताना प्लॅनिंग पॅकेजमधून काढलेले दिवस त्यातून वजा झालेले नसतील, तर तेच काम दोनदा मोजले जाते.

## पायरी ६: बेसलाइनला कुठे हात लावायचा आणि कुठे नाही

बेसलाइन म्हणजे मंजूर झालेली योजना, जिच्याशी प्रत्यक्ष काम ताडून पाहायचे. ती सांभाळण्याचे नियम थोडे आहेत, पण ते पाळणे जड जाते. झालेल्या कामाची बेसलाइन बदलायची नाही. चालू लाटेतील पुढचे दोन आठवडे गोठवलेले ठेवायचे. प्लॅनिंग पॅकेजचे वर्क पॅकेजमध्ये रूपांतर काम सुरू होण्याआधी पूर्ण करायचे, काम सुरू झाल्यावर मागील तारखेने नाही. आणि रूपांतरात एकूण आकडा बदलत नसेल तर प्रकल्प व्यवस्थापकाची नोंद पुरते. बदलत असेल, तर बदल-विनंती लागते.

स्कॅनिंगच्या पहिल्या लाटेच्या चौथ्या आठवड्यात दिसून आले की जीर्ण फायलींचा वेग ६०० नसून ४८० आहे. कारण शोधल्यावर कळले की नमुना तपासणीत फायली दोरा सोडलेल्या अवस्थेत हाताळल्या होत्या. दोरा सोडण्याचा आणि पुन्हा बांधण्याचा वेळ मोजलाच गेला नव्हता. या वेगाने लाटेतील १६० चे २०० होतात, आणि पुढच्या ४,४०० जीर्ण फायलींचे ४४० चे ५५० होतात. एकूण वाढ १५० मनुष्यदिवसांची, आणि स्कॅनिंग १,४३० वर, म्हणजे मूळ पल्ल्याच्याही बाहेर.

अशा वेळी राखीवेतले १२० काढून प्रश्न मिटवण्याचा मोह होतो. तसे करू नये. ती राखीव जीर्ण फायलींच्या प्रमाणासाठी होती आणि उरलेल्या ३०,४०० फायलींत ते प्रमाण किती निघेल, हे अजून उलगडलेले नाही. चुकले ते वेगाचे गृहीतक, जे प्रमाणाच्याच ओळीत मिसळून लिहिले गेले होते आणि म्हणून त्याला स्वतःची राखीव मिळाली नव्हती.

स्पॉन्सरपुढे दोन पर्याय आकड्यांसह ठेवले गेले. एक तर १५० मनुष्यदिवस वाढवावेत, किंवा नव्या वेगाने प्रत्येकी ०.१२५ मनुष्यदिवस घेणाऱ्या १,२०० जीर्ण फायली व्याप्तीतून काढाव्यात. मुलाखतींतून कोणत्या फायली क्वचितच मागितल्या जातात हे आधीच ठाऊक असल्याने मधला निर्णय शक्य झाला: ८०० फायली वगळल्या, त्यातून १०० मनुष्यदिवस वाचले, आणि ५० ची वाढ मंजूर झाली. उरलेल्या स्कॅनिंगची बेसलाइन ९७० झाली. पहिल्या लाटेची बेसलाइन मात्र ३२० च राहिली आणि प्रत्यक्षातले ३६० त्यासमोर जादा खर्च म्हणून दिसत राहिले. ती ४० ची रेघ पुसली असती, तर पुढच्या बैठकीत दोरा सोडण्याच्या वेळेबद्दल कोणी विचारले नसते.

सावधान: दर लाटेला बेसलाइन प्रत्यक्ष आकड्यांशी जुळवून घेतली जात असेल आणि अहवालात कधीच फरक दिसत नसेल, तर नियोजन चांगले आहे असे समजू नये, फरक मोजण्याचे साधनच काढून टाकलेले आहे.

## पायरी ७: तपशील भरणे आणि व्याप्ती फुगणे यांत भेद करा

तपशील भरताना नवी कामे दिसतातच. त्यांतली कोणती न्याय्य आणि कोणती बाहेरची, हे तयारीत लिहिलेल्या सीमेवरून ठरवावे. विभाजक पाने छापण्याचे काम सुरुवातीला कोणी लिहिले नव्हते, पण ‘फायलींची सूची करणे’ या सीमेच्या आत ते येते. त्यामुळे ते तपशील भरणे आहे. एका विभागाने फायलींतील घडीचे नकाशे रंगीत स्कॅन करून मागितले. मागणी रास्त होती आणि कामही थोडे होते, तरीही नकाशे सीमेबाहेर लिहिलेले असल्याने तो व्याप्तीतला बदल आहे. आकार लहान असल्याने त्याचा प्रकार बदलत नाही.

शंका असेल तेव्हा मूळ डब्याकडे जावे. नवे काम ज्या प्लॅनिंग पॅकेजखाली ठेवायचे आहे, त्याच्या सीमेचे वाक्य न बदलता ते तिथे बसते का? बसत असेल, तर त्याच पॅकेजच्या दिवसांतून ते करावे. वाक्यात ‘तसेच’ घालावे लागत असेल, तर बदल-विनंती लिहावी.

शेवटच्या लाटेच्या बैठकीत, येथे साधारण ४०व्या आठवड्यात, एकही प्लॅनिंग पॅकेज उरता कामा नये. एखादे उरले असेल, तर त्याच्या कार्डावरची ‘उत्तराची अंतिम मुदत’ ही ओळ आधी वाचावी, कारण ती तारीख बहुधा उलटून गेलेली असते आणि स्पॉन्सरला हे त्याच दिवशी कळवावे लागते.